15 बार की 20 बार? त्रिमूर्तीनगरमधल्या एका एस्प्रेसो मशीनचं प्रकरण

घरगुती मशीनच्या दुरुस्तीत माझ्याकडे ज्या तक्रारी येतात, त्यातली बरीचशी 'मशीन बदलू का?' या प्रश्नावर येऊन थांबतात. त्रिमूर्तीनगरमधल्या या घरातही तेच होतं. भाऊसाहेब आणि वहिनी, दोघं नवरा-बायको कॉफीचे शौकीन. बिया चिकमगळूरच्या, मध्यम भाजलेल्या, ताज्या. ग्राइंडर बऱ्यापैकी. मशीन छोटं, पण धातूचं अंग असलेलं, आणि पुढच्या पत्र्यावर ठळक अक्षरांत पाण्याच्या दाबाचा आकडा, '15 बार'. तरी कॉफीचा काही भरवसा नव्हता.

"भाऊ, सकाळची आंबट लागून राहिली अन् संध्याकाळची कडूजहर," वहिनी म्हणाल्या. "दुकानदार म्हणे, पंधराचं देऊन टाका अन् वीसचं घ्या, क्रेमाचा फेस जास्त येतो. घेऊन टाकू का?"

मी म्हटलं, घ्यायचं ते घ्या, पण आधी हे मशीन नेमकं काय करतंय ते मोजू.

मशीनची अंतर्गत रचना अशी: अॅल्युमिनियमचा लहान बॉयलर, त्यात साधारण 100 मिली पाणी. 1300 वॉटचं हीटिंग एलिमेंट. तापमान सांभाळायला बॉयलरच्या अंगावर बसवलेला साधा थर्मोस्टॅट, म्हणजे इस्त्रीत असतो त्या जातीचा, ठरावीक गरमीला तुटणारा आणि निवल्यावर पुन्हा जुळणारा. पाणी ढकलायला व्हायब्रेशन पंप. कॉफीचं हँडल 58 मिमीचं. ज्यांना अशी मशीन उघडायची सवय आहे त्यांना हा आराखडा ओळखीचा वाटेल. बाजारातली बरीच घरगुती मशीन याच धर्तीची असतात.

आता '15 बार' हा आकडा कुठून येतो ते बघू. व्हायब्रेशन पंपात एक कॉइल असते, तिच्यात स्प्रिंगवर बसवलेला पिस्टन. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे पिस्टन सेकंदाला 50 वेळा पुढेमागे होतो, आणि मशीन चालू असताना जी घरघर ऐकू येते ती त्याचीच. या पंपाचा स्वभाव असा की पुढची वाट पूर्ण बंद केली की दाब सगळ्यात जास्त चढतो, पण तेव्हा पाणी एक थेंबही पुढे जात नाही. वाट पूर्ण मोकळी ठेवली तर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त पाणी वाहतं, पण दाब जवळपास शून्य. छापलेला आकडा पहिल्या टोकाचा आहे: वाट बंद, प्रवाह शून्य, व्होल्टेज पूर्ण. कॉफी मात्र कधीच त्या टोकाला बनत नाही. ती बनते ती मधे कुठेतरी, जिथे पाणी सेकंदाला दोनएक मिली वाहत असतं.

आणि कॉफीला लागणारा दाब 9 बारच्या आसपासचा आहे. इटलीच्या राष्ट्रीय एस्प्रेसो संस्थेच्या निकषात तो 9 बार, एक इकडे-तिकडे, असाच दिलेला आहे. हा आकडा काही परवाचा नाही. अकिले गाज्जियाच्या 1948 च्या सुमाराच्या स्प्रिंगच्या दांड्यावाल्या मशीननी वाफेच्या दाबापेक्षा कितीतरी जास्त दाब आणला आणि कपावर क्रेमा दिसू लागली. 1961 मध्ये फाएमाच्या ई61 मशीनने तोच दाब माणसाच्या हाताऐवजी विजेच्या पंपाने दिला. तेव्हापासून व्यावसायिक मशीनचे काटे 9 च्या आगेमागेच राहिले आहेत. ज्या कॅफेत आपण चांगली एस्प्रेसो पितो, तिथल्या लाखो रुपयांच्या मशीनवर 15 किंवा 20 असं कुठे लिहिलेलं दिसत नाही.

जास्त दाबाने बिघडतं काय? 58 मिमीच्या बास्केटचं क्षेत्रफळ 26 चौरस सेंमीच्या थोडं वर. 9 बारला कॉफीच्या चकतीवर सुमारे 240 किलो वजनाइतका जोर पडतो, 15 बारला 400 किलोइतका. बारीक दळलेली कॉफी त्या जोराने आणखी आवळते. त्यामुळे दाब वाढवला की प्रवाह त्या प्रमाणात वाढत नाही, एका मर्यादेनंतर उलट अडतो. अडलेलं पाणी मग चकतीतली एखादी कमजोर जागा शोधतं, तिथे बारीक भोक पाडतं आणि त्याच वाटेने पळतं. त्या भोकाच्या कडेची कॉफी गरजेपेक्षा जास्त धुतली जाते म्हणून कडू, बाकीची अर्धी कोरडी राहते म्हणून आंबट. एकाच कपात दोन्ही दोष येतात ते यामुळे.

हे या मशीनमध्ये खरंच घडतंय का, ते पाहायला मी तळ कापलेलं हँडल लावलं. 18 ग्रॅम कॉफी, नीट दाबून. पहिले काही सेकंद काही नाही, मग बास्केटच्या तळाला तपकिरी थेंब जमले, ते मधे येऊन एक धार होतील असं वाटत असतानाच डाव्या कडेला पिवळट पांढरी रेघ उमटली आणि तिथून सुईसारखी चिळकांडी उडून थेट ट्रेच्या बाहेर. काही क्षणांनी उजवीकडे दुसरी. 36 ग्रॅम कपात यायला लागायला हवेत 25 ते 30 सेकंद. इथे 18 सेकंदांतच कप भरला. तीच कॉफी, तेवढंच दळण, पुन्हा भरली तर 34 सेकंद. असा कारभार असेल तर दळण बदलून तरी काय कळणार?

मग बास्केटच्या जागी भोकं नसलेली आंधळी बास्केट आणि तिच्यावर प्रेशर गेज. पंप चालू केल्यावर काटा 14 च्या पुढे जाऊन थांबला. म्हणजे पंप निरोगी होता, मशीन आपला शब्द जवळपास पाळत होतं. दोष नेमका तिथेच होता.

कारण अशा मशीनमध्ये पंपाच्या पुढे एक व्हॉल्व्ह असतो, जादा दाब सोडणारा. आत एक स्प्रिंग आणि गोळी. दाब ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की गोळी मागे सरकते आणि उरलेलं पाणी एका पातळ नळीतून पुन्हा टाकीत पडतं. 9 बारला पंप जेवढं पाणी देऊ शकतो ते कॉफीला लागणाऱ्या पाण्यापेक्षा बरंच जास्त असतं. ते जादा पाणी परत फिरवत राहणं, हेच दाब स्थिर ठेवण्याचं काम. दाब ठरवतो तो व्हॉल्व्ह, पंप फक्त पुरेसा रेटा पुरवतो. या मशीनचा व्हॉल्व्ह कारखान्यातून इतका आवळून आला होता की तो 14 च्या खाली उघडतच नव्हता. परिणामी दाब किती राहील हे कॉफीच्या चकतीवर सोडलेलं. दळण जरा बारीक झालं की 13, जरा हलक्या हाताने दाबलं की 8, भोक पडलं की 5. दर कपाला वेगळा दाब.

हे कळायला गेज असायलाच हवं असं नाही. कॉफी निघत असताना पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आत पाहावं. परतीच्या नळीतून पाण्याची बारीक धार पडत असेल तर व्हॉल्व्ह उघडा आहे आणि दाब त्याच्या ताब्यात आहे. नळी कोरडी असेल तर दाबाला कुणी धनी नाही. या घरात नळी कोरडी होती. (काही मशीनमध्ये परतीचं पाणी टाकीऐवजी पंपाच्या तोंडाशीच वळवलेलं असतं, तिथे ही खूण दिसणार नाही.)

प्लग काढून, मशीन पूर्ण निवू देऊन, वरचा पत्रा उघडला. व्हॉल्व्हची चावी पाव-पाव फेरा सैल करत, दर वेळी बंद करून आंधळ्या बास्केटने तपासत, काटा 10 वर आणला. 9 वर का नाही? आंधळ्या बास्केटने मोजताना सगळंच पाणी व्हॉल्व्हमधून जातं, म्हणून आकडा थोडा चढा दिसतो. कॉफीतून पाणी वाहू लागलं की तो आपसूक 9 च्या जवळ येतो. घरी करून बघण्याच्या विचारात असाल तर दोन गोष्टी: आत 230 व्होल्टच्या उघड्या जोडण्या असतात, आणि वॉरंटी असेल तर ती जाईल. काही मशीनमध्ये हा व्हॉल्व्ह ठोकून बंद केलेला असतो, फिरवताच येत नाही. तिथे जबरदस्ती करू नये.

आता टाकीत धार दिसू लागली. तीच कॉफी, तेच दळण: 28 सेकंद. पुढचा शॉट 27. तळाला रेघा नाहीत, मधे एकच जाड धार, मधासारखी संथ. मशीनचा खरा दाब आम्ही 14 वरून 9 वर उतरवला आणि कॉफी सुधारली. भाऊसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण ते दुकानात जाऊन नेमकं उलटं विकत घ्यायला निघाले होते.

पण चव अजून बसली नव्हती. आंबटपणा कमी झाला, गेला नाही. संध्याकाळचा कडवटपणा तर तसाच. आता तापमानाकडे वळलो.

यासाठी माझी पद्धत साधी आहे. थर्माकोलच्या कपाला बाजूने भोक पाडून तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची बारीक वायर आत सरकवायची, तिचं टोक कपाच्या मधोमध येईल असं, आणि कप मशीनच्या तोंडाला चिकटवून धरून पंप चालू करायचा. कॅफेवाले यासाठी खास उपकरण वापरतात. ही पद्धत तेवढी काटेकोर नाही, पण चार-पाच अंशांचा घोळ पकडायला पुरते. हवं असलेलं पाणी मध्यम भाजलेल्या बियांसाठी 92-93 अंशांच्या आसपास; साधारण चाकोरी 90 ते 96 ची. गडद भाजलेल्याला थोडं कमी, फिक्या भाजलेल्याला थोडं जास्त.

डिसेंबरची सकाळ. रात्रभर ओट्यावर असलेल्या टाकीतलं पाणी 18 अंश. मशीन चालू केल्यावर चारेक मिनिटांत 'तयार' चा दिवा लागला. वहिनी रोज याच क्षणी कॉफी काढत. मापलं तर पाणी 84 अंश. दिवा खोटं बोलत नव्हता. बॉयलरचं अंग जिथे थर्मोस्टॅट बसवलाय तिथे गरम झालंच होतं. पण खालचं पितळी तोंड आणि अर्ध्या किलोच्या घरात वजन असलेलं हँडल थंडगार, आणि पाणी त्यांच्यातून जाताना आपली गरमी त्यांना देऊन मोकळं होत होतं. सकाळच्या आंबटपणाचं कारण तेवढंच. कमी गरम पाण्यातही कॉफीतली आम्लं सुटतात, पण गोडवा आणि बाकीचा ऐवज मागे राहतो.

संध्याकाळचं गणित वेगळं. पाहुणे आले की मशीन तासभर चालू, आधी कुणासाठी तरी दूध फेसाळून झालेलं. वाफेसाठी बॉयलर 100 च्या बराच वर चढवावा लागतो. त्यानंतर लगेच काढलेल्या पाण्याचं माप 98, आणि पहिल्या क्षणाला तर तोंडातून फुसफुसत वाफच. तीच कॉफी या पाण्याने जळकट-कडू लागणारच.

या दोन टोकांच्या मधे थर्मोस्टॅटचे स्वतःचे हेलकावे आहेत. तो गरमीला तुटतो, मग एलिमेंटमध्ये साठलेली ऊब पाण्याला आणखी थोडं वर नेते. मग पाणी निवत जातं, बरंच निवतं, तेव्हा कुठे तो पुन्हा जुळतो. या मशीनमध्ये वरच्या आणि खालच्या टोकात जवळजवळ दहा अंशांचा फरक निघाला. म्हणजे तुम्ही बटण कोणत्या क्षणी दाबता यावर कप ठरतो, आणि तो क्षण रोज वेगळा.

एलिमेंटची ताकद कमी आहे का, हा प्रश्न भाऊसाहेबांनी विचारला, आणि तो योग्य होता. कॉफी काढताना सेकंदाला 2 मिली पाणी बॉयलरमधून जातं आणि तेवढंच थंड पाणी आत येतं. ते 18 वरून 93 अंशांवर न्यायला 2 गुणिले 4.2 गुणिले 75, म्हणजे 630 वॉट लागतात. एलिमेंट 1300 वॉटचं. ताकद दुपटीने आहे. अडचण अशी की शॉट सुरू झाला तेव्हा थर्मोस्टॅट तुटलेला असेल, तर आत थंड पाणी आल्याची खबर त्याला बॉयलरच्या जाड अंगातून उशिरा मिळते. तोवर शॉट अर्धा संपतो.

यावर उपाय दोन. पहिला फुकटचा: सवय. मशीन चालू करून हँडल रिकामंच लावून ठेवायचं आणि वीसेक मिनिटं थांबायचं, म्हणजे पितळ आणि हँडल दोन्ही तापतात. मग कपात पाणी सोडत राहायचं, थर्मोस्टॅट जुळून हीटिंगचा दिवा लागेपर्यंत. पाणी बंद. दिवा विझेपर्यंत थांबायचं. विझल्यावर ठरावीक सेकंद मोजायचे आणि मग शॉट. या मशीनला ते 25 सेकंद आले, कारण तेव्हा थर्माकोलच्या कपात 93 दिसत होते. दुसऱ्या मशीनला हा आकडा वेगळा येईल, तो मोजूनच काढावा लागतो. वाफ वापरून झाल्यावर मात्र आधी तोंडातून फुसफुस थांबेपर्यंत पाणी सोडून बॉयलर खाली आणायचा, मगच वरची सगळी कवायत.

दुसरा उपाय पीआयडी कंट्रोलर. तो दिवसभर तुटणं-जुळणं करत बसत नाही. सेन्सरवर बॉयलरचं तापमान बघत एलिमेंटला गरजेपुरते थोडे-थोडे झटके देतो, त्यामुळे हेलकावा दहावरून एखाद-दोन अंशांवर येतो. मी तो बसवून देतो, पण या घराला आधी सवयीचा मार्ग धरायला सांगितला. पीआयडी लावला तरी थंड हँडलची वीस मिनिटं वाचत नाहीत, आणि बऱ्याच लोकांचा सगळा त्रास त्या वीस मिनिटांतच असतो.

आता दुकानातलं 20 बारचं मशीन. मी ते पाहून आलो. आत तसाच व्हायब्रेशन पंप, बॉयलरऐवजी थर्मोब्लॉक, म्हणजे वाहतं पाणी तापवणारा धातूचा ठोकळा, आणि डेमोसाठी लावलेली बास्केट दुहेरी तळाची. या बास्केटला आतून जाळी असली तरी बाहेर पडायला टाचणीएवढं एकच भोक असतं. दाब तयार होतो तो त्या भोकाशी. कॉफीची चकती कशीही असो, शिळी पावडर असो, पाणी त्या भोकातून फेसाळतच निघतं. काउंटरवर दिसणारा जाड क्रेमा हा त्या भोकाचा प्रताप आहे. चमच्याने बाजूला सारला की पुन्हा जमत नाही आणि खाली पातळ कॉफी. नवशिक्या माणसाला ही बास्केट सोयीची असते, त्यात वावगं काही नाही. पण त्याचा 20 या आकड्याशी काडीचाही संबंध नाही. विक्रेत्याला मी एवढंच विचारलं की यात दाबाचा व्हॉल्व्ह किती बारला उघडतो. त्याने खोक्याची चारही बाजूंनी पाहणी केली आणि म्हणाला, "सर, वीस बार लिहिलंय ना."

एक गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. स्थिर दाब म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट 9 असाच अर्थ नाही. स्प्रिंगच्या दांड्यावाल्या मशीनमध्ये दाब 9 च्या आसपास सुरू होऊन स्प्रिंग सैल होईल तसा उतरत जातो, आणि त्यांची कॉफी फार छान येते. फरक असा की तिथला उतार दर वेळी तोच असतो. आमच्या मशीनचा दाब मात्र भोक पडलं की पडायचा, आणि भोक कधी पडेल ते कुणालाच माहीत नाही.

मे महिन्यात पुन्हा त्या घरी गेलो तेव्हा आकडे बदललेले होते. टाकीतलं पाणी 38 अंश, म्हणून लागणारी ताकद 630 वरून 460 वॉटच्या आसपास, आणि दिवा विझल्यानंतरचे 25 सेकंद आता जास्त पाहिजे होते, नाहीतर पाणी 95 च्या वर राहत होतं. दुसरी भानगड विजेची. संध्याकाळी अख्ख्या गल्लीचे कूलर चालू, मल्टिमीटरवर 200 व्होल्ट. एलिमेंटची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे 1300 वॉटचं एलिमेंट त्या वेळी हजाराच्या खालीच काम करत होतं. पंपही मंदावलेला, घरघर बारीक झालेली.

टाकीचं झाकण उघडलं. परतीची धार डिसेंबरपेक्षा निम्मी, पण होती. म्हणजे व्हॉल्व्ह अजून उघडा आणि कॉफीवर 9 च्या जवळचाच दाब. पंपाच्या 15 बारचा खरा उपयोग काही असेल तर हा: व्होल्टेज पडलं तरी 9 ला पुरून उरेल इतकी शिल्लक. पंधरात ती शिल्लक आहे, विसात तिचं आणखी काही करायला जागा नाही. एलिमेंट मात्र मंद झाल्याने दुसऱ्या कपाआधी बॉयलर सावरायला जास्त वेळ घेत होतं, तेव्हा वहिनींना सांगितलं की उन्हाळ्यात संध्याकाळी दोन शॉटच्या मधे दिवा पूर्ण विझेपर्यंत थांबा, आणि पाहुण्यांचं दूध सगळ्या कॉफ्या काढून झाल्यावर शेवटी फेसाळा.